होकार भेटीचा आहे, सौद्याचा नाही

*नमस्कार ताई. मी दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत व्यवस्थापक आहे. बी.एस्सी. अ‍ॅग्री झाल्यावर गावातच ही नोकरी मिळाली. आमचे बहुतेक सभासद दोन-चार एकरवाले. अकोल्याच्या एका दालमिलचे मालक आमची तूर पाहायला यायला तयार झाले. फोनवर "22 तारखेला येतो, गुरुवारी," एवढंच म्हणाले. त्यांचे आभार मानणारा आणि कार्यक्रम पक्का करणारा मेसेज पाठवायचा आहे. मी असा लिहिला:*

*"आदरणीय शेठजी, आपण आमच्यासारख्या लहान माणसांकडे येण्याचं कबूल केलंत, आम्ही आपले आजन्म ऋणी राहू. आपण कधीही या, गाव आपलंच आहे. सर्व सभासद आपल्या स्वागताला हजर राहतील. आमच्याकडे 400 क्विंटल उत्तम प्रतीची तूर तयार आहे. आपण म्हणाल तो भाव आम्हाला मान्य राहील."*

*शेवटची दोन वाक्यं अध्यक्ष काकांनी घालायला लावली. खरं म्हणजे गोदामात वजन केलेली तूर 65 क्विंटल आहे. बाकीची सभासदांनी तोंडी सांगितलेली, काहींची तर अजून सोंगायची आहे. आकडा कमी दिसला तर शेठजी येणार नाहीत, असं काका म्हणतात. आणि कोरडा मेसेज गेला तर त्यांना वाटेल यांना गरजच नाही. काय लिहू?*

*— एक व्यवस्थापक, जि. यवतमाळ*

तुमचा मेसेज अजून गेला नसेल तर थांबवा. लिहिण्यात मन आहे, पण त्यातली तीन वाक्यं पुढे तुमच्या अंगावर येतील, आणि जे लिहायला हवं ते नेमकं राहून गेलं आहे.

आधी आभाराचं बघू. शेठजींनी आतापर्यंत तुम्हाला एकच गोष्ट दिली आहे, ती म्हणजे एक दिवस. मूर्तिजापूर, कारंजा करत तुमच्या गावापर्यंत यायचं आणि परत जायचं, यात माणसाचा कामाचा दिवस जातो, तोही नवीन तूर बाजारात येण्याच्या ऐन दिवसांत. आभार त्याचे माना, आणि तसं नाव घेऊन माना. "हंगामाच्या गर्दीत वेळ काढून येताय" हे वाक्य वाचताना शेठजींना कळतं की या बाईला माझ्या कामाची जाण आहे. "आजन्म ऋणी" मध्ये तसं काही कळत नाही. शिवाय भेटीच्या आधीच तुम्ही ऋणी झालात, तर भावाला बसताना ते ऋण समोरच्याच्या बाजूला जाऊन बसतं. दालमिल चालवायला तूर लागते. शेठजी तुमच्यावर उपकार करायला निघालेले नाहीत, स्वतःच्या कामाला निघाले आहेत. "आमच्यासारख्या लहान माणसांकडे" हे तर काढूनच टाका. तुमच्या मागे सगळे सभासद आहेत, त्यांच्या वतीनं तुम्ही लिहिताय.

आता 400 चा आकडा. सभासद खोटं बोलले असं मी म्हणत नाही. आपल्याकडे तूर बहुतेक कपाशीत नाहीतर सोयाबीनमध्ये असते, आठ तास, म्हणजे ओळी, कपाशीचे आणि दोन तास तुरीचे. उभ्या तासांकडे बघून सांगितलेला अंदाज आणि काट्यावर उतरलेलं वजन यात फरक पडतोच. शेंगा भरताना ढगाळ हवेत अळी किती लागली, मर रोगानं किती झाडं वाळली, हे खळ्यावर आल्याशिवाय नीट कळत नाही.

दुसरं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. खेडा खरेदीवाला दारात गाडी उभी करतो, जागेवर नोटा मोजतो. ज्या घरी लग्न निघालंय, ज्याचा बँकेचा हप्ता आहे, तो माणूस कंपनीच्या गाडीची वाट बघत थांबत नाही. त्याला दोष देता येत नाही, पण त्याचा माल तुमच्या मेसेजमध्ये धरताही येत नाही.

तिसरं कारण ओलाव्याचं. सरकारी खरेदीत तुरीला 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, आणि व्यापारीही त्याच्या आसपासच बोलतात. समजा तुमची 400 क्विंटल तूर खरोखर आली आणि तिच्यात 15 टक्के ओलावा निघाला. ती 12 टक्क्यांवर वाळवली की वजन सुमारे 386 क्विंटल भरतं. म्हणजे कुणी काहीही न करता 14 क्विंटल हवेत गेली. "तयार आहे" असं लिहिलेलं असेल, तर ही 14 क्विंटल कोणाच्या नावावर मांडायची?

माझ्या माहितीतल्या एका गटानं असाच आकडा मेसेजमध्ये लिहिला होता. मिलनं मोठी गाडी पाठवली, ती निम्मी भरून परत गेली, आणि भाड्यावरून वाद झाला. दोन्ही बाजूंनी मोबाईल काढून तोच मेसेज एकमेकांना दाखवला. पुढच्या वर्षी मिलचा फोन आला नाही.

भावाचं वाक्य याहून वाईट आहे. करार कागदावरच व्हावा लागतो असं नाही. भारतीय करार कायदा 1872 चा आहे, त्यात देकार आणि स्वीकार जुळला की करार उभा राहतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधलं कलम 10अ सांगतं की देकार-स्वीकार इलेक्ट्रॉनिक रूपात झाला एवढ्याच कारणानं करार रद्दबातल ठरत नाही. तुमच्या एका व्हॉट्सअ‍ॅपवरून कोणी कोर्टात जाईल अशी भीती मी घालत नाही. पण "आपण म्हणाल तो भाव मान्य" हे लिखित वाक्य शेठजींच्या खिशात असताना तुम्ही 22 तारखेला कोणत्या तोंडानं घासाघीस करणार? आणि भाव मान्य करण्याचा अधिकार मुळात तुमचा नाही, एकट्या काकांचाही नाही. तो संचालकांच्या बैठकीचा आहे. 2025-26 च्या तुरीचा हमीभाव 8000 रुपये क्विंटल आहे, कारंजा आणि अकोल्याचे बाजारभाव रोज खालीवर होतात, आणि हे सगळं शेठजींना तुमच्याआधी ठाऊक असतं. मेसेजमध्ये भावाचा शब्दही नको.

काकांची भीती मात्र समजून घेण्यासारखी आहे, तिला उत्तर द्यायला हवं. त्यांना सांगा की 65 क्विंटल म्हणजे 50 किलोचे 130 कट्टे, एका मध्यम ट्रकचा माल. वजन झालेला, एका जागी ठेवलेला, एका जातीचा. मिलवाल्याला दाण्याचा आकार सारखा लागतो, कारण डाळ करण्याआधी तूर चाळणीवर आकारानुसार वेगळी करावी लागते. दहा घरची दहा तऱ्हेची 400 क्विंटल ऐकून त्याला जो विश्वास वाटणार नाही, तो 65 क्विंटलची एकसारखी थप्पी समोर बघून वाटेल. आकड्याची भुरळ पडून आलेला माणूस थप्पी बघून नाराज होऊन जातो. 65 ऐकून आलेल्या माणसाला तुम्ही चार सभासदांचे नमुने जास्तीचे दाखवलेत तर तो खूश होऊन जातो.

आता जे राहून गेलं ते. "कधीही या" हे ऐकायला गोड आहे, पण पाहुण्याला त्याचा उपयोग शून्य. तारीख आणि वार दोन्ही लिहा, कारण तारीख चुकली तर वार सांभाळतो. वेळ 11 ची ठेवा. त्याआधी नको, कारण या दिवसांत हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताला रात्रपाळीची लाईन असली की माणसं पहाटेपर्यंत वावरात असतात. फार उशीरही नको, कारण संक्रांत ते रथसप्तमी दुपारी घरोघरी हळदीकुंकू असतं आणि तुमच्या महिला सभासद त्यात गुंतलेल्या असतील. "सर्व सभासद हजर राहतील" हे त्यामुळेच लिहू नका. तीसच आले तर तीस जण मोजले जाणार नाहीत, न आलेले मोजले जातील. पाच-सहा जण म्हणा आणि पाच-सहा जण खरोखर ठेवा.

गावाचं नाव तालुक्यासकट लिहा. वडगाव, बोरगाव, पिंपळगाव ही नावं आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि नकाशात नुसतं नाव टाकलं की गाडी भलत्याच वडगावात जाऊन उभी राहते. गोदामासमोर उभं राहून तिथलं लोकेशन पाठवा, गावाचं नको. गावाच्या नावावर टाकलेली खूण कधी ग्रामपंचायतीवर पडते, कधी शाळेवर, कधी कोणाच्या वावरात. फाट्यावर एक माणूस उभा करा. आणि दुसऱ्या कोणाचा तरी नंबर द्या, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमचा, कारण गोदामात तुमची रेंज गेली तर शेठजी फाट्यावरून परत फिरतील.

हे सगळं धरून मी असा मेसेज लिहिला असता. गावचं नाव आणि नंबर तुम्ही भरा.

"नमस्कार शेठजी. फोनवर बोलल्याप्रमाणे गुरुवारी, 22 जानेवारीला आपण आमच्याकडे तूर पाहायला येताय, त्याबद्दल मनापासून आभार. हंगामाच्या गर्दीत अकोल्याहून वेळ काढून येताय, याची आम्हा सगळ्यांना जाणीव आहे.

सकाळी 11 वाजता आमच्या गोदामावर भेटू. गोदामाचं लोकेशन सोबत पाठवत आहे. कारंज्याकडून येताना दारव्ह्याच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा लागतो, तिथे आमचा माणूस पावणेअकरापासून उभा राहील. माझा फोन लागला नाही तर खालच्या दुसऱ्या नंबरवर करावा.

गोदामात सध्या वजन झालेली 65 क्विंटल लाल तूर आहे, ती आपल्याला पाहता येईल. काही सभासदांची मळणी सुरू आहे, त्यांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवतो. तो माल किती होईल हे मळणी झाल्यावरच सांगता येईल. भेटीला आमचे अध्यक्ष आणि आम्ही पाच-सहा जण असू. आधी आपण माल निवांत पाहावा. व्यवहाराचा निर्णय आमच्याकडे संचालकांच्या बैठकीत होतो, त्यामुळे आपलं म्हणणं आम्ही त्यांच्यापुढे ठेवू.

पाहणीला तास-दीड तास लागेल. दुपारचं जेवण आमच्याकडेच घ्यावं. सध्या तुरीचे सोले आहेत, वांगं-सोल्याची भाजी आणि भाकरी करतो. गुरुवारचा उपवास असेल तर तेवढं कळवावं. वेळेत काही बदल असला तर बुधवारी संध्याकाळपर्यंत सांगितलं तरी चालेल."

खाली तुमचं नाव, पद, कंपनीचं नाव.

कोरडेपणाची चिंता तुम्हाला होती, म्हणून यात ओलावा कुठे आहे ते बघा. फाट्यावर उभा राहणारा माणूस, सोल्यांची भाजी, उपवासाची विचारपूस, वेळ बदलायची मोकळीक. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या हातात आहे, आणि म्हणून ती ठामपणे लिहिता आली. गजानन महाराजांचे भक्त आपल्या भागात घरोघरी आहेत, गुरुवार धरणारे शेठजी निघाले आणि समोर भाकरी-भाजीचं ताट आलं तर दोन्हीकडे अवघड होतं. आधी विचारलं की पाहुण्याला वाटतं, आपल्यासाठी घरात बोलणं झालेलं आहे. जे तुमच्या हातात नाही, म्हणजे बाकीचा माल आणि व्यवहार, तिथे वाक्य मोघम नाही, पण उघडं ठेवलं आहे. "बघू", "होऊन जाईल", "काळजी करू नका" असले शब्द तिथे घालू नका. आपल्याकडे "होऊन जाईल" ऐकलं की माणूस झालंच असं धरतो.

"उत्तम प्रतीची" हा शब्दही मी मुद्दाम टाळला. प्रत कशी आहे हे ठरवणं शेठजींचं काम आहे, त्यासाठीच ते येतायत. तुम्ही लाल तूर म्हणा, जात माहीत असेल तर जातीचं नाव लिहा, ओलावा मोजलेला असेल तर तोही लिहा. मोजला नसेल तर तो शब्द नको.

मेसेज पाठवल्यावर फोन करून दोन मिनिटं बोला. पुष्कळ व्यापारी मंडळी लांब मेसेज वाचत नाहीत, वरून अंगठा पाठवतात. अंगठा म्हणजे मेसेज पोचला, 11 ही वेळ मान्य आहे असा त्याचा अर्थ धरू नका. "शेठजी, गुरुवारी अकरा वाजता चालेल ना?" असं विचारून तोंडून होकार घ्या. बुधवारी संध्याकाळी पुन्हा एक ओळ पाठवा: "उद्या 11 वाजता भेटू, फाट्यावर आमचा माणूस आहे." आभार त्यात पुन्हा नकोत.

त्या फोनवर एक प्रश्न येणार, तो धरूनच ठेवा. शेठजी म्हणतील, "ते ठीक आहे, पण एकूण किती माल देता?" तिथे गप्प बसलात तर लपवाछपवी वाटेल, आणि घाईत 400 तोंडातून गेले तर मेसेज सुधारण्याचा उपयोग राहणार नाही. असं सांगा: "शेठजी, गोदामातले 65 मी स्वतः मोजलेत, ते मी सांगू शकते. सभासद तोंडी बरंच सांगतात, पण काट्यावर आल्याशिवाय मी आकडा देत नाही. मळणी झाली की दर आठवड्याला कळवत जाईन." हे शेवटचं वचन आहे, त्यामुळे दर आठवड्याला खरंच कळवणार असाल तरच ते द्या. भावाचं विचारलं तर, "माल बघा, तुम्ही काय म्हणता ते मी बैठकीत ठेवते."

काकांना मात्र आधीच घेऊन बसा, बुधवारी, शेठजींसमोर नको. मोठ्या माणसाला पाहुण्यांदेखत थांबवता येत नाही. ते भरात येऊन "कितीही माल देऊ शेठजी!" म्हणाले, तर तुम्हाला तिथे तोंड उघडता येणार नाही. त्यांना त्यांच्या मानाचं काम द्या. स्वागत काकांनी करायचं, कंपनी कशी उभी राहिली ते काकांनी सांगायचं, आकड्याचा प्रश्न आला की "ते आमच्या मॅडम सांगतील" म्हणायचं. ही वाटणी त्यांना पटेल, कारण यात त्यांचं काही कमी होत नाही.

भेट झाल्यावर संध्याकाळी शेवटचा मेसेज जाईल, आणि इथे परत तीच चूक होऊ शकते. गोडीगोडीत भेट झाली, जेवण झालं, शेठजी जाताना "करू आपण काहीतरी" म्हणाले, की आपण लिहितो: "ठरल्याप्रमाणे पुढची बोलणी करू." काय ठरलं? काहीच नाही. ते म्हणाले तेवढंच लिहा: "आज आलात, आभार. आपण गोदामातल्या थप्पीचे आणि तीन सभासदांचे नमुने सोबत नेलेत. मिलवर तपासून सोमवारपर्यंत कळवतो म्हणालात, त्याप्रमाणे वाट पाहतो." प्रत्येक नमुन्याची अर्धी पिशवी सभासदाचं नाव आणि तारीख लिहून स्वतःकडे ठेवा. शेठजींचा फोन येईल तेव्हा ते कोणत्या तुरीबद्दल बोलतायत हे तुम्हाला पिशवी हातात घेऊन बघता यायला हवं.